गिनीपिग आणि हॅमस्टरचा फोटो कसा वाचावा: आधी पाठ, मग केस, मग डोळे

प्रश्न: डॉक्टर, आमच्याकडे दोन वर्षांची गिनीपिग आणि सात महिन्यांचा हॅमस्टर आहे. गिनीपिग परवापासून कोपऱ्यात गोल होऊन बसते, केस फुगलेले दिसतात. हे म्हणतात, पिंजरा कूलरसमोर आहे म्हणून थंडी वाजत असेल. हॅमस्टरच्या कमरेवर दोन्ही बाजूंना काळे डाग आलेत. दोघांचे फोटो पाठवतेय. फोटोवरून तब्येत बरी आहे की नाही हे आम्हाला घरी कसं ओळखता येईल? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर: ताई, आधी तातडीचं सांगते. हॅमस्टरचे डाग बघून घाबरू नका, त्याबद्दल खाली लिहिते. गिनीपिगचा फोटो मात्र मला बरा वाटला नाही. तिला आजच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. त्यातही काल रात्रीपासून तिने गवताला तोंड लावलं नसेल तर संध्याकाळची वाट बघू नका. गिनीपिगचं पोट सतत चालू राहावं लागतं. बारा तास ती काहीच खात नसेल तर आतड्यांची हालचाल मंदावते, वायू धरतो, मग भूक आणखी मरते. माणसासारखं "आज लंघन, उद्या बरं" तिच्या बाबतीत चालत नाही.

आता फोटो कसा बघायचा ते सांगते. मी स्वतः बघते त्याच क्रमाने: आधी पाठ, मग केस, शेवटी डोळे. बहुतेक लोक डोळ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. एकटा डोळा फसवतो, एकटे केसही फसवतात. तिन्ही मिळून एकच गोष्ट सांगत असतील तर विश्वास ठेवायचा.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. हातात धरून काढलेला फोटो जवळजवळ निरुपयोगी असतो. गिनीपिग काय, हॅमस्टर काय, दोन्ही जंगलात कुणाचा तरी घास होणारे जीव. आजारी दिसलं की शिकारी आधी त्यालाच उचलतो, म्हणून दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच आहे. तुम्ही उचललं, मोबाइल तोंडाजवळ नेला की आजारी गिनीपिगसुद्धा डोळे टक्क उघडते, अंग सावरते आणि फोटोत ठणठणीत दिसते. म्हणून पहिला फोटो तिला कळायच्या आत काढा, चार-पाच फूट लांबून, झूम करून. खोलीत पाऊल टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत ती जशी बसलेली दिसते, तीच तिची खरी अवस्था. तुमचा फोटो नकळत तसाच निघालाय, म्हणून तो मला उपयोगी पडला.

बरी असलेली गिनीपिग बसते तेव्हा पावाच्या लांबट लादीसारखी दिसते. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीची रेघ सलग असते, कुठेही उंचवटा नसतो. डोकं पुढे असतं, नाक समोर. आराम करताना मागचा पाय एका बाजूला पसरलेला असतो. हा पसरलेला पाय दिसला की मला बरं वाटतं, कारण पळायची घाई नसलेलं आणि कुठे दुखत नसलेलं जनावरच तसं बसतं. पोट दुखत असेल, लघवीत खडा असेल, सांधे सुजले असतील तर ती लादी गोळा होते. पाठ मधोमध उचललेली, नाक खाली जमिनीकडे, चारही पाय पोटाखाली घट्ट, कान मागे पडलेले आणि तोंड बऱ्याचदा भिंतीकडे. झोपलेली गिनीपिगही कधी अशीच आखडून बसते, मग फरक कसा करायचा? पिंजऱ्यापाशी गवताची मूठ खसखसवा किंवा सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडी दाखवा. झोपलेली असेल तर क्षणात पाठ सरळ करून पुढे येईल. दुखत असेल तर फक्त डोळा वळवेल, नाहीतर येऊन वास घेईल आणि परत कोपऱ्यात जाईल. वास घेऊन न खाता परतणं हे माझ्या लेखी मोठं लक्षण आहे. त्याचा दहा-वीस सेकंदांचा व्हिडिओ काढलात तर डॉक्टरांना दहा फोटोंपेक्षा जास्त कळेल.

केसांचं बघू. निरोगी केस अंगावर पडलेले असतात आणि खिडकीच्या उजेडात त्यांच्यावरून चमकेची एक पट्टी सरकते. आजारी जनावराचे केस मुळापासून उभे राहतात. मग उजेड केसांवरून परतत नाही, आत शिरतो, आणि अंग निस्तेज, विस्कटलेलं आणि आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. हे "मोठं दिसणं" भल्याभल्यांना चकवतं. वजन घटलेल्या गिनीपिगला लोक गुबगुबीत म्हणतात. काही जातींचे केस जन्मतःच भोवऱ्याभोवऱ्यांचे असतात, तेव्हा भोवरे म्हणजे आजार नव्हे. तिचा स्वतःचा महिन्यापूर्वीचा फोटो शेजारी ठेवून बघा. तुलना तिची तिच्याशी करायची, इंटरनेटवरच्या गिनीपिगशी नाही.

थंडीनेही केस उभे राहतात, त्यामुळे तुमच्या घरातली शंका अगदीच चुकीची नाही. ती पडताळायला अर्धा तास पुरतो. पिंजरा कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, खोली तीच असू द्या, आणि तीस मिनिटांनी त्याच अंतरावरून पुन्हा फोटो घ्या. थंडी असेल तर केस बसलेले आणि पाठ उतरलेली दिसेल. दोन्ही तसंच राहिलं तर ती थंडी नाही. दवाखान्यात निघायची तयारी करता करता हे होऊन जाईल. त्यासाठी जाणं पुढे ढकलू नका.

कूलर बंद करा असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. गिनीपिगला 18 ते 24 अंश सोसतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि गिनीपिगला माणसासारखा घाम येत नाही. उष्माघात झालेल्या गिनीपिगचा फोटो गोळ्याच्या उलट असतो. ती आडवी, सपाट पसरलेली, तोंड उघडं, हनुवटी लाळेने ओली, कान लालसर. तसं दिसलं तर बर्फाचं पाणी ओतू नका. साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने कान आणि पाय पुसत पुसत तिला दवाखान्यात आणा. एरवी कूलर चालू ठेवा, पण झोत अंगावर नको आणि पिंजऱ्यातलं अंथरूण दमट राहायला नको. कूलरच्या दमटपणात ओलं राहिलेलं गवत आणि भुसा हेच पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे येणाऱ्या गजकर्णाचं एक मोठं कारण असतं.

ते फोटोत कसं दिसतं, तेही सांगते, कारण ते घरातल्या मुलांनाही होतं. नाकाच्या शेंड्यावर, डोळ्यांभोवती, कानांवर केस जाऊन गोलसर पांढुरकी, कोंडा धरलेली जागा दिसते. खरजेचं वेगळं. त्यात खांदे, पाठ आणि मांड्यांवरचे केस जातात, कातडी जाड आणि खपलीदार होते, खाजवून खाजवून जखमा होतात. कधी खाज इतकी असह्य होते की हात लावताच जनावर झटके दिल्यासारखं लोळतं, आणि घरचे म्हणतात, "फिट आली." फोटोत खाज दिसत नाही, म्हणून खरजेची शंका असेल तर व्हिडिओच पाठवायचा. तीन-चार वर्षांच्या मादीचे दोन्ही कुशींवरचे केस सारखेच जाऊन खालची कातडी स्वच्छ, गुळगुळीत दिसत असेल आणि ती खाजवत नसेल, तर मी कातडीकडे न बघता अंडाशयातल्या गाठींसाठी सोनोग्राफी सुचवते. कानांच्या मागे एक छोटी टक्कल असलेली जागा सगळ्याच गिनीपिगना असते. तिच्यावर घरीच मलम लावणारे खूप भेटतात. तिथे काहीही लावू नका.

आता डोळे. निरोगी डोळा भरलेला, फुगीर, गोल असतो आणि पापणीची कड जवळपास दिसत नाही. दुखण्यात तो बदामासारखा लांबट होतो, पापणी वरून उतरते. अंगात पाणी कमी पडलं की डोळा आत गेल्यासारखा दिसतो. एक डोळा की दोन, हा मी स्वतःला विचारते तो पहिला प्रश्न. एकच डोळा मिटलेला, ओला किंवा चिकटलेला असेल तर कारण बहुधा त्याच बाजूला असतं: गवताची काडी टोचली, भांडणात ओरखडा गेला, किंवा वरच्या दाढेचं मूळ वाढून मागून दाबतंय. दोन्ही डोळे एकदम निस्तेज, कडेला खपली धरलेले असतील तर दोष अख्ख्या शरीरात शोधायचा. श्वासाचा संसर्ग, न खाणं, जीवनसत्त्व क ची कमतरता. गिनीपिग तोंड धुताना डोळ्यांतून दुधासारखा पांढरा थेंब येतो आणि ती पंज्याने तो तोंडावर फिरवते. तो तिचा साबण समजा. क्षणात नाहीसा होतो. तासाभराने काढलेल्या दुसऱ्या फोटोतही पांढरं किंवा पिवळं दिसलं तरच तो आजार.

डोळ्याचा फोटो फ्लॅश लावून काढू नका. फ्लॅशने बुबुळ लाल किंवा निळसर उजळतं आणि मोतीबिंदू नसताना मोतीबिंदू दिसतो. दिवसा खिडकीशी या आणि खिडकी डोळ्यात उमटेल असा फोटो घ्या. मग तो मोठा करून फक्त ते प्रतिबिंब बघा. खिडकीची चौकट डोळ्यात सुबक, सरळ कडांची दिसली तर डोळ्याचा पुढचा पडदा बहुधा गुळगुळीत आहे. चौकट एका जागी तुटलेली, विस्कटलेली किंवा धुरकट झालेली दिसली तर तिथे ओरखडा किंवा जखम असू शकते. काडी टोचल्याची शंका असताना मला फोटोत सगळ्यात जास्त हीच खूण कामी आली आहे. अशा डोळ्यात घरात पडलेला ड्रॉप घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम आणखी खोल जाते.

हे तिन्ही एकत्र कसं वाचायचं, यासाठी माझ्याकडे आलेली एक केस सविस्तर सांगते. नरेंद्रनगरच्या एका घरातली चिंगी, दीड वर्षांची गिनीपिग. दोन वर्षांपूर्वी जुलैत तिच्या घरच्या काकूंनी मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बघा, पावसाळ्यात किती गुबगुबीत झाली." फोटो स्वयंपाकघराच्या दारातून काढलेला, शेजारी पाण्याची स्टीलची वाटी. मी आधी पाठ बघितली. मधोमध उचललेली, नाक वाटीच्या काठाखाली. केस चहूबाजूंनी उभे, विशेषतः मानेमागे. दोन्ही डोळे बदामी, कडेला बारीक तपकिरी खपली. तिन्ही जागा एकच गोष्ट सांगत होत्या. मी काकूंना फोन करून म्हटलं, जाडी झालेली नाही, तिला आत्ता किचनच्या काट्यावर ठेवा.

काटा 640 ग्रॅम दाखवत होता. मे महिन्यात नखं कापायला आणली तेव्हा माझ्या नोंदीत 820 ग्रॅम होते. म्हणजे 180 ग्रॅम, पाचव्या हिश्श्याहून जास्त वजन गेलं होतं, आणि उभ्या केसांनी ते सगळं झाकून टाकलं होतं. मी आणखी एक फोटो मागवला, मागून, जमिनीच्या पातळीवरून. त्यात ती मागच्या डाव्या पायावर भार देत नव्हती आणि गुडघ्याशी बाहेरची रेघ फुगीर होती. मग खाण्याचं विचारलं. सकाळी काकडी, दुपारी टरबुजाची साल, सशांच्या खाद्याच्या गोळ्या, रात्री पोळीचा तुकडा. वाळलं गवत नाहीच.

गिनीपिगला, माणसाप्रमाणेच, जीवनसत्त्व क शरीरात तयार करता येत नाही. ते रोज बाहेरून मिळावं लागतं. सशाला ते आपलं आपण तयार करता येतं, म्हणून सशाच्या गोळ्यांत ते घातलेलं नसतं. काकडी आणि टरबुजात नावापुरतं असतं. ते कमी पडलं की शरीरातलं सांधणारं धागेदार द्रव्य नीट बनत नाही. हिरड्या सुटतात, सांध्यांत रक्त झिरपतं, हलायला दुखतं, म्हणून ती कोपऱ्यात गोळा होऊन बसते. दाढा दुखतात म्हणून खात नाही. न खाल्ल्याने आणखी क्षीण होते. चिंगीला दवाखान्यात तपासलं तेव्हा दोन्ही गुडघे सुजलेले होते, हात लावताच ती किंचाळली, आणि दातांच्या मुळाशी रक्ताची रेघ होती. या शेवटच्या दोन्ही गोष्टी कुठल्याच फोटोत आल्या नसत्या.

पहिल्या दिवशी जीवनसत्त्व क चं इंजेक्शन दिलं, नंतर रोज तोंडाने 50 मिलिग्रॅम, सोबत वेदना कमी करायचं औषध. काकूंनी खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून त्यांची पातळ पेज केली आणि सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने दर तीन तासांनी थोडी थोडी भरवली. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की रोज सकाळी सातला, त्याच दारातून, त्याच वाटीशेजारी एक फोटो काढा आणि वजन लिहा. वाटी तीच असल्यामुळे अंग फुगलंय की भरलंय हे मोजता येत होतं. तिसऱ्या दिवशीच्या फोटोत डोळे गोल झाले होते. सातव्या दिवशी पाठ उतरली, मागचा पाय बाजूला पसरलेला दिसला, आणि काकूंचा आनंदाने फोन आला. दहाव्या दिवशी वजन 700 झालं. केसांवर चमक यायला मात्र पाच-सहा आठवडे गेले. केस सगळ्यात शेवटी सुधारतात. म्हणून उपचार सुरू झाल्यावर केसांकडे बघून "फरक नाही" म्हणत औषध बंद करू नका. आधी डोळे बघा, मग पाठ.

तुमच्या गिनीपिगलाही हेच झालंय असं मी म्हणत नाही. तिच्या फोटोत पाठ आणि केस चिंगीसारखे आहेत, पण डोळे स्वच्छ आहेत आणि पोट खालून ताणल्यासारखं वाटतं. त्यामुळे माझा पहिला संशय पोटातल्या वायूवर किंवा लघवीच्या खड्यावर आहे, आणि ते हाताने चाचपून, गरज पडली तर एक्स-रे काढूनच ठरतं. जाताना तीन गोष्टी सोबत न्या: आजचं वजन, काल-आजच्या लेंड्या एका पिशवीत, आणि ती काय काय खाते ते कागदावर. लेंड्या लहान, सुक्या, टोकदार झाल्या असतील तर खाणं दोन दिवसांपूर्वीच कमी झालं होतं असं समजायचं. ती लघवी करताना कण्हते का, अंथरुणावर लालसर डाग आहे का, तेही बघून ठेवा.

आणि कळकळीने एक सांगते. मेडिकलमधून ॲमॉक्सिसिलिन आणून देऊ नका. मुलांना देतो तेच आहे, थोडं कमी देऊ, असं म्हणून दिलेल्या औषधाने गिनीपिग आणि हॅमस्टर दोघेही दगावतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे गेली की त्यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि जुलाब लागून जनावर काही दिवसांत जातं. अशा केसेस मी हाताळल्या आहेत. त्यांतली बरीच जनावरं मूळ आजारातून वाचली असती.

रोजच्या खाण्याचं. निरोगी गिनीपिगला एक किलो वजनामागे साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम जीवनसत्त्व क रोज लागतं. आठशे ग्रॅमच्या जनावराला हिरव्या सिमला मिरचीचे वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे मध्यम मिरचीचा पाव-एक भाग, पुरतो. पेरूची बोटाच्या पेराएवढी फोड अधूनमधून चालेल, पण त्यात साखर असते म्हणून रोज नको. नुसत्या सांबारावर भागत नाही. पाण्यात थेंब टाकून ठेवू नका, उजेडात आणि उष्णतेत ते काही तासांत निकामी होतं. खाद्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर तयार केल्याची तारीख बघा. तीन महिन्यांनंतर त्यातल्या जीवनसत्त्वावर मी भरवसा ठेवत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात गच्चीलगतच्या खोलीत ठेवलेल्या पाकिटावर तर त्याच्याही आधी ठेवत नाही.

आता तुमचा हॅमस्टर. कमरेवर दोन्ही बाजूंना, अगदी समोरासमोर असलेले ते काळपट डाग म्हणजे त्याच्या वासाच्या ग्रंथी आहेत. सोनेरी हॅमस्टरच्या प्रत्येक नरात त्या असतात, वयात आल्यावर गडद होतात, कधी तिथले केस विरळ आणि किंचित तेलकट दिसतात. समोरासमोर, सारख्या आकाराचे आणि सपाट असतील तर सोडून द्या. एकच बाजू वाढली, उंच झाली, त्यातून रक्त किंवा खपली आली, तर मात्र दाखवा. आणखी एक शंका लोक संकोचाने विचारतात: "मागे दोन गाठी आल्यात." नर हॅमस्टरची वृषणं अंगाच्या मानाने मोठी असतात आणि उकाड्यात ती जास्त खाली उतरून ठळक दिसतात. त्या गाठी नाहीत.

हॅमस्टरचा फोटो दिवसा काढाल तर हमखास आजारी दिसेल. तो रात्रीचा जीव आहे. दुपारी उठवलेल्या हॅमस्टरचे कान दुमडलेले असतात, डोळे अर्धे मिटलेले, कधी एक डोळा चिकटलेला, केस एका बाजूला चपटे. रात्री आठ-नऊला तो आपणहून उठला, तोंड धुतलं आणि चाकावर गेला की मगच फोटो घ्या. तेव्हाही कान दुमडलेले आणि पाठ गोळा असेल तर काळजी करा. गाल फुगलेले असतील तर आदल्या रात्रीचा फोटो बघा. दाण्यांनी भरलेला गाल काही तासांत रिकामा होतो, दुसऱ्या रात्रीही तीच बाजू तशीच राहिली तर आत दाणा अडकलाय किंवा गळू झालाय.

हॅमस्टरचा एक फोटो मात्र मी प्रत्येकाला मागूनच काढायला सांगते. शेपटीभोवतालचे केस ओले, चिकट, पिवळसर दिसले, पाठ गोळा असेल आणि तो दुकानातून आणून थोडेच आठवडे झाले असतील, तर तो जुलाबाचा घातक आजार असू शकतो. तीन ते दहा आठवड्यांच्या पिल्लांत तो जास्त दिसतो आणि दोन दिवसांत पिल्लू हातचं जातं. तिथे "सकाळी बघू" म्हणायचं नाही. तुमचा हॅमस्टर सात महिन्यांचा आहे आणि फोटोत शेपटीखालचे केस कोरडे, सुटे दिसतात, तेव्हा तुम्हाला ती भीती आज नाही.

एक मर्यादा मनात पक्की ठेवा. फोटो बघून मी "हे जनावर आजारी आहे" असं सांगू शकते, पण "हे निरोगी आहे" असं कधीच सांगत नाही. वजन, दाढा, हिरड्या, पोटाचा ताठपणा, श्वासाचा आवाज यातलं काही फोटोत येत नाही. दाढा वाढलेल्या गिनीपिगचे केस आणि डोळे कित्येक दिवस सुंदर दिसतात, फक्त वजन आठवड्याला वीस-तीस ग्रॅमने घसरत असतं. म्हणून दर रविवारी काट्यावर ठेवून आकडा लिहा.

फोटो डॉक्टरांना पाठवताना पोर्ट्रेट मोड आणि फिल्टर बंद करा. पोर्ट्रेट मोड केसांची कड धूसर करतो आणि नेमकी तीच आम्हाला बघायची असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जाऊन बारकावे जात नाहीत. पिंजऱ्याचे गज मध्ये नकोत. एक बाजूने, एक समोरून, एक मागून, तिन्ही तिच्या उंचीवरून. वरून काढलेल्या फोटोत पाठीची रेघच दिसत नाही.

शहरातल्या सगळ्याच दवाखान्यांत गिनीपिग बघतात असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही तुम्ही चौकशी करू शकता. नेताना पिंजरा नको, कापडी पिशवीही नको. हवेशीर भोकं पाडलेल्या खोक्यात टॉवेल अंथरा, टॉवेलमध्ये गुंडाळलेली गार पाण्याची बाटली एका कडेला ठेवा, मूठभर गवत टाका आणि दुपारी बारा ते चारचं ऊन टाळता आलं तर टाळा. तिने मात्र कालपासून काहीच खाल्लं नसेल तर उन्हाचा विचार न करता एसी गाडीने लगेच निघा.